मीटिंगची तारीख बदलली आणि तिकीट तर निघालंय: ट्रॅव्हल डेस्कला मेल कसा लिहावा

प्रश्न: पुण्याहून दिल्लीचं जायचं-यायचं तिकीट कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्ककडून काढलं होतं. गुरुवारची क्लायंट मीटिंग शुक्रवारी दुपारी गेली. मी डेस्कला लिहिलं, ‘क्लायंट मीटिंग पुढे गेली आहे, त्यानुसार माझी फ्लाइट पुढे करावी, अर्जंट.’ तिकडून पाच प्रश्न आले, उत्तरं देईपर्यंत संध्याकाळ झाली आणि भाडं वाढलं. असा मेल नक्की कसा लिहायचा?

उत्तर:

मी बरीच वर्षं डेस्कच्या पलीकडच्या बाजूला बसले आहे. तुमच्यासारखे मेल रोज उघडत होते, म्हणून आधी तो मेल उघडल्यावर तिथे काय होतं ते सांगते. ते कळलं की काय लिहायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

डेस्कवरची व्यक्ती तुमचा पीएनआर शोधते, त्या तिकिटाचे भाड्याचे नियम उघडते आणि नव्या तारखेची विमानं बघते. समोर आठ-दहा विमानं दिसतात आणि प्रत्येकाचं भाडं वेगळं असतं. यातलं कोणतं घ्यायचं, हे तुमच्या मेलमध्ये नसतं. शुक्रवारी दुपारी मीटिंग म्हणजे किती वाजता? सकाळी जाणार की आदल्या संध्याकाळी? परतीचंही बदलायचं का? जादा पैसे भरायला मंजुरी कोणाची? एवढं विचारल्याशिवाय तिला तिकिटाला हात लावता येत नाही, कारण एकदा बदललेलं तिकीट पुन्हा बदलायला पुन्हा शुल्क लागतं आणि ते चुकलं तर जाब तिलाच द्यावा लागतो. ती प्रश्न पाठवते आणि पुढचा मेल उघडते. तुमचं उत्तर येतं तेव्हा ती दुसऱ्या कोणाच्या तरी तिकिटात असते.

दरम्यान भाडं वाढतं ते का, हेही सांगते. एकाच विमानातल्या इकॉनॉमीच्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विभागलेल्या असतात. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की पुढची जागा वरच्या गटातून मिळते. डेस्कने तुम्हाला सकाळी अकरा वाजता सांगितलेलं भाडं हे त्या क्षणाचं भाडं असतं. तिकीट निघेपर्यंत ते बहुतेक वेळा पक्कं नसतं. शुक्रवार संध्याकाळच्या दिल्ली-पुणे विमानात तर घरी परतणाऱ्यांची गर्दी असते, तिथे दोन तासांतही गट बदलतो. तुमचे पैसे त्या पाच प्रश्नांच्या ये-जा करण्यात गेले.

म्हणजे मेल असा हवा की तो वाचून डेस्कला काहीही न विचारता तिकीट बदलता आलं पाहिजे. त्यासाठी मेल लिहायच्या आधी तुम्हाला दहा मिनिटं स्वतः विचार करावा लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे मीटिंग खरंच हलली आहे ना, याची खात्री करा. क्लायंटच्या माणसाने फोनवर ‘बहुतेक शुक्रवारी करू’ म्हटलं, एवढ्यावर तिकीट बदलू नका. कॅलेंडरचं नवं निमंत्रण किंवा दोन ओळींचा मेल मागा. यात अविश्वासाचं काही नाही. तो मेल पुढे तुम्हालाच उपयोगी पडतो: प्रवासखर्च क्लायंटकडून वसूल करायचा असा करार असेल, तर तारीख त्यांनी बदलली याचा तोच पुरावा असतो, आणि तुमच्या ऑफिसातही जादा खर्चाचं कारण त्यावरच टिकतं.

दुसरी गोष्ट वेळेची मर्यादा. तुम्हाला कोणतं विमान हवं आहे हे ठरवण्याआधी किती वाजेपर्यंत पोचायलाच हवं आणि किती वाजण्याआधी निघताच येणार नाही, हे काढा. तुमचंच उदाहरण घेऊ. तारखा मी माझ्या मनाने घालते. समजा मूळ मीटिंग गुरुवार 16 जुलैला सकाळी 11 वाजता गुरुग्रामला होती आणि आता ती शुक्रवार 17 जुलैला दुपारी 3 ते 5 आहे. आज सोमवार 13 जुलै. पुणे-दिल्ली विमानाला साधारण सव्वादोन तास लागतात. दिल्लीला उतरून, बाहेर पडून, टॅक्सीने गुरुग्रामच्या ऑफिसात पोचायला दीड तास धरा. जुलैत पुण्याला पावसामुळे विमानं रखडतात, त्यासाठी आणखी दोन-अडीच तास हाताशी ठेवा. म्हणजे दिल्लीला सकाळी 11 पर्यंत उतरणारं विमान चालेल, त्यानंतरचं नको.

परतीचा हिशेब उलट दिशेने. मीटिंग 5 ला संपणार म्हणजे निघेपर्यंत साडेपाच. शुक्रवारच्या संध्याकाळी गुरुग्रामहून विमानतळाकडे यायला दीड तास धरलेला बरा, अंतर फार नसलं तरी. सात वाजता टर्मिनल. देशांतर्गत विमानांचे चेक-इन काउंटर बहुधा सुटण्याच्या एक तास आधी बंद होतात, आणि दिल्लीची सुरक्षा तपासणीची रांग शुक्रवारी लांब असते. म्हणून 20:30 च्या आधीचं परतीचं विमान नको. मी पाहिलेल्या घाईच्या बदलांत सगळ्यात जास्त चुका या परतीच्याच बाजूला झाल्या. लोक जायच्या विमानाचा नीट विचार करतात आणि परतीचं ‘मीटिंगनंतरचं कोणतंही’ असं लिहून मोकळे होतात. डेस्कला गुरुग्रामची रहदारी माहीत असेलच असं नाही. ती 19:10 चं स्वस्त विमान काढून देते आणि तुम्ही मीटिंग अर्धवट सोडून पळता.

आता मेल. बहुतेक ऑफिसांत तो इंग्रजीत जाईल. मी मराठीत देते, भाषा तुमच्या ऑफिसची वापरा. पीएनआर आणि विमान क्रमांक इथे नुसते जागा भरायला आहेत. सेक्टर म्हणजे एका बाजूचा विमानप्रवास.

> विषय: तिकीट बदल, पीएनआर ABC123, पुणे-दिल्ली-पुणे, नवी तारीख शुक्र 17 जुलै, आज संध्याकाळपर्यंत हवे
>
> नमस्कार,
>
> क्लायंटने मीटिंग गुरु 16 जुलैऐवजी शुक्र 17 जुलै, दुपारी 3 ते 5, गुरुग्राम येथे ठेवली आहे. त्यांचा मेल सोबत जोडला आहे. कृपया माझ्या तिकिटाचे दोन्ही सेक्टर बदलावेत.
>
> सध्याचे तिकीट:
> जाताना बुध 15 जुलै, PNQ-DEL, XX 101, सुटण्याची वेळ 18:40
> येताना गुरु 16 जुलै, DEL-PNQ, XX 102, सुटण्याची वेळ 20:30
>
> हवा असलेला बदल:
> जाताना शुक्र 17 जुलै सकाळी, दिल्लीला 11:00 पर्यंत उतरणारे कोणतेही थेट विमान. ते शक्य नसेल तर गुरु 16 जुलै संध्याकाळी 18:00 नंतरचे.
> येताना शुक्र 17 जुलै, दिल्लीहून 20:30 ते 23:00 दरम्यान सुटणारे थेट विमान. ते शक्य नसेल तर शनि 18 जुलै सकाळचे.
>
> बदल शुल्क आणि भाड्यातला फरक मिळून दोन्ही सेक्टरचा जादा खर्च 14,000 रुपयांपर्यंत असेल तर मला न विचारता तिकीट काढावे. माझ्या व्यवस्थापकांची मंजुरी खालच्या मेलमध्ये आहे, प्रोजेक्ट कोड पूर्वीचाच. खर्च त्याहून जास्त होत असेल किंवा तिकीट रद्द करून नवे काढणे स्वस्त पडत असेल तर फोन करावा, मी 6 पर्यंत उपलब्ध आहे.
>
> वेब चेक-इन केलेले नाही. चेक-इनचे सामान नाही. शक्य असेल तर कडेची सीट.
>
> बुध 15 जुलैच्या रात्रीचे गुरुग्रामचे हॉटेल रद्द करावे. शुक्रवारीच जाऊन-येऊन होत असेल तर नवे हॉटेल नको. गुरुवारी जावे लागले तर गुरु 16 ची रात्र, शनिवारी परतावे लागले तर शुक्र 17 ची रात्र हवी.
>
> धन्यवाद.
> (नाव, कर्मचारी क्रमांक, मोबाइल)

हा मेल लांब वाटेल, पण वाचायला मिनिटभर लागतं आणि पुढचा निर्णय त्यातच आहे. यातल्या काही ओळींमागचं कारण सांगते.

सगळ्यात महत्त्वाची ओळ 14,000 रुपयांची. कारण आणि तारखा सगळेच लिहितात, पैशाची मर्यादा जवळजवळ कोणीच लिहीत नाही. डेस्कला तुमच्या वतीने खर्च करायचा अधिकार नसतो. तो तुमचा व्यवस्थापक देतो. मर्यादा आणि मंजुरी मेलमध्येच असली की डेस्क लगेच तिकीट काढू शकते. ती नसली की भाडं तुम्हाला कळवायचं, तुम्ही ते व्यवस्थापकांना पाठवायचं, त्यांनी जेवणानंतर होकार द्यायचा, तो डेस्ककडे परत यायचा, आणि तोपर्यंत भाडं बदललेलं असायचं, असा फेरा सुरू होतो. हा फेरा मी इतक्या वेळा पाहिला आहे की नवीन माणसाला एकच गोष्ट सांगायची झाली तर हीच सांगते: मंजुरी मेलच्या आधी घ्या, नंतर नको. व्यवस्थापकांना फोन करा, आकडा ठरवा आणि त्यांचा एका ओळीचा होकार मेलखाली जोडा.

आकडा ठरवायचा कसा? एअरलाइनच्या साइटवर नव्या तारखेचं भाडं बघा आणि तुमच्या तिकिटाचं बदल शुल्क बघा. शुल्क तुमच्या भाड्याच्या प्रकारावर ठरतं. कंपन्यांना मिळणाऱ्या कॉर्पोरेट भाड्यात ते बरंच कमी असतं, कधी नसतंही. सर्वांत स्वस्त किरकोळ भाड्यात ते जड असतं. शिवाय ते प्रत्येक सेक्टरला वेगळं लागतं. आलेल्या बेरजेवर थोडी मोकळीक ठेवा, कारण तुम्ही बघितलेलं भाडं तासाभरात वर जाऊ शकतं.

आपल्या उदाहरणात काल्पनिक आकडे घालून बघू. जायचं जुनं भाडं 5,200 रुपये, शुक्रवार सकाळचं नवं 7,600, बदल शुल्क 3,000. भाड्यातला फरक 2,400 आणि शुल्क 3,000 मिळून 5,400 रुपये. हाच सेक्टर रद्द करून नवा काढला तर? रद्द करण्याचं शुल्क 3,500 धरलं तर हातात परत येतात 1,700, आणि नवं तिकीट 7,600 चं, म्हणजे खिशातून 5,900. इथे बदल करणं 500 रुपयांनी स्वस्त पडलं. पण नव्या विमानाचं भाडं जुन्यापेक्षा कमी असेल तर चित्र पालटू शकतं, कारण बदल करताना खाली आलेला फरक बहुतेक वेळा परत मिळत नाही, शुल्क मात्र लागतंच. जुनं तिकीट फार स्वस्तातलं असेल आणि शुल्कच जवळपास तेवढं असेल, तेव्हाही नवं तिकीट काढून जुनं रद्द करणं बरं पडतं. म्हणूनच मेलमध्ये ‘रद्द करून नवे काढणे स्वस्त पडत असेल तर फोन करावा’ ही ओळ आहे. हा हिशेब डेस्कवाला तुमच्यापेक्षा लवकर करतो, फक्त तो पर्याय त्याच्यासमोर उघडा हवा.

परतीच्या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली असते. जुनं भाडं 5,600. शुक्रवार रात्रीचं नवं 9,800, म्हणजे फरक 4,200 अधिक शुल्क 3,000, एकूण 7,200. शनिवार सकाळचं विमान 6,100 ला दिसतं, म्हणजे 500 अधिक 3,000, एकूण 3,500. फक्त तिकिटं पाहिली तर शनिवार निम्म्याहून स्वस्त. पण शनिवारी परतायचं तर शुक्रवारची रात्र हॉटेलात काढावी लागेल. तिथले 4,500 रुपये मिळवले की शनिवारचा खर्च 8,000 होतो. जेवण आणि सकाळची टॅक्सी अजून धरलेलीच नाही. तिकिटाच्या पडद्यावर हॉटेल दिसत नाही, म्हणून कित्येक कंपन्यांत ‘सर्वांत स्वस्त विमान’ या नियमाखाली शनिवारचं तिकीट निघतं आणि एकूण खर्च वाढतो. तुमचे आकडे वेगळे असतील, बेरीज मात्र अशीच करा आणि मंजुरी मागताना व्यवस्थापकांना हीच दाखवा. इथे जायचे 5,400 आणि यायचे 7,200 मिळून 12,600 होतात, म्हणून मर्यादा 14,000 ची मागितली. बुधवारचं हॉटेल वेळेत रद्द झालं तर तिथले 4,500 वाचतात, तेही त्यांना सांगा.

आता ‘पुढे’ या शब्दाबद्दल. तुम्ही लिहिलं होतं, फ्लाइट पुढे करावी. मराठीत मीटिंग ‘पुढे गेली’ म्हणजे नंतर गेली, पण ‘जरा पुढचं विमान घ्या’ म्हणणाऱ्या काहींना आधीचं विमान हवं असतं. इंग्रजीतही हाच घोळ होतो. म्हणून दिशा दाखवणारे शब्द टाळा; वार, तारीख आणि 24 तासांची वेळ लिहा. वार मुद्दाम लिहायचा, कारण तारखेत बोट घसरलं तर वार जुळत नाही आणि डेस्कला चूक दिसते.

मध्यरात्रीच्या विमानांना हे दुप्पट लागू आहे. माझ्या हातून घडलेली एक गोष्ट आहे, ती मला अजून बोचते. एका प्रवाशाने लिहिलं होतं, ‘शुक्रवारी रात्री 12:50 चं परतीचं.’ त्याच्या मनात होतं शुक्रवारची मीटिंग आटोपून, जेवून, त्याच रात्री उशिराचं विमान. पण ते विमान कॅलेंडरवर शनिवारी 00:50 ला सुटतं. मी शुक्रवार 00:50 चं काढलं, म्हणजे त्याच्या मीटिंगच्या आधीच्या रात्रीचं. त्याने तिकीट उघडून विमान क्रमांक पाहिला, तारीख पाहिली नाही. विमानतळावर गेल्यावर कळलं की त्याचं विमान जवळपास चोवीस तासांपूर्वीच गेलं. त्या दिवसापासून मी रात्री 11 ते पहाटे 4 मधलं कोणतंही विमान काढण्याआधी फोन करून विचारू लागले. तुम्ही लिहिताना ‘शुक्रवार 17 आणि शनिवार 18 यांमधली रात्र, शनि 18 जुलै 00:50’ असं लिहा. लांब होतं, पण शंका उरत नाही.

वेब चेक-इनची ओळही शोभेची नाही. चेक-इन झालेलं तिकीट बदलण्याआधी ते चेक-इन मागे घ्यावं लागतं. बऱ्याच देशांतर्गत एअरलाइन्स 48 तास आधी वेब चेक-इन उघडतात आणि लोक संदेश आला की लगेच बोर्डिंग पास काढून ठेवतात. मग डेस्कला बदल करताना अडचण येते आणि एअरलाइनला फोन लावावा लागतो. मीटिंगबद्दल शंका असेल तर चेक-इनची घाई करू नका. केलं असेल तर मेलमध्ये तसं सांगा. पैसे भरून घेतलेली सीट किंवा जेवण नव्या विमानात आपोआप येईलच असं नाही, म्हणून तेही लिहा. आणि तुमच्या पीएनआरवर सहकारी असेल पण त्याची तारीख बदलायची नसेल, तर ‘पीएनआर स्प्लिट करून फक्त माझे तिकीट बदलावे’ हे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. नाहीतर दोघांचीही तिकिटं हलतात.

बरेच जण विचारतात, मीच एअरलाइनच्या अॅपवर बदललं तर? तातडीच्या वेळी मोह होतो. पण तिकीट एजन्सीमार्फत निघालं असेल तर काही वेळा अॅप बदल करू देत नाही, आणि करू दिला तर डेस्कच्या नोंदीत जुनंच तिकीट राहतं. मग डेस्क त्या जुन्या तिकिटावर हॉटेल आणि टॅक्सी ठेवते, विमान रद्द झालं तर तुम्हाला चुकीच्या दिवशी शोधते, आणि तुमच्या कार्डावरून गेलेल्या पैशांची पावती कंपनीच्या जीएसटी क्रमांकाशिवाय येते. लेखा विभाग ती परत पाठवतो. अॅप फक्त विमानं आणि भाडी बघण्यासाठी वापरा.

त्याहून वाईट म्हणजे काहीच न करणं. ‘जायचं विमान सोडून देतो, परतीचं तरी वापरू’ असं वाटतं. जायचं-यायचं एकाच पीएनआरवर असताना पहिला सेक्टर चुकवला तर काही एअरलाइन्स पुढचा सेक्टरही रद्द करतात. त्यात नो-शो झालेल्या, म्हणजे न कळवता चुकवलेल्या, तिकिटाचं भाडं सहसा पूर्ण बुडतं. तिकीट वापरलं नाही तरी वैधानिक कर आणि विमानतळ वापर शुल्क परत मिळायला हवं असा विमान वाहतूक नियामक डीजीसीएचा नियम आहे, पण ते मागावं लागतं आणि ती रक्कम भाड्याच्या मानाने थोडी असते. म्हणून जायचं तिकीट लागणार नाही हे कळताच डेस्कला कळवा, नवं विमान ठरलं नसलं तरी. ‘जायच्या विमानातली जागा आत्ताच सोडून द्या, नवी तारीख उद्या सांगतो’ एवढं लिहिलं तरी नो-शो टळतो. मात्र तसं करता येईल की नाही हे भाड्याच्या नियमावर आहे, ते डेस्कला विचारा.

विमान सुटायला पाच-सहा तासच उरले असतील तर मेलवर विसंबू नका. आधी फोन करा, बोलताना हाच मजकूर समोर ठेवा आणि फोन ठेवल्यावर मेल पाठवा, म्हणजे नोंद राहते. एअरलाइन्स सुटण्याच्या काही तास आधी बदल बंद करतात. ती वेळ एअरलाइननुसार वेगळी असते आणि तिकिटाच्या नियमांत दिलेली असते. कामाच्या वेळेनंतरचा डेस्कचा नंबर आजच मोबाइलमध्ये ठेवा. तो साधारणपणे तिकिटाच्या मेलच्या तळाशी असतो.

मेलबद्दल आणखी एक लहान गोष्ट. जुन्या तिकिटाच्या मेललाच उत्तर दिलं तर पीएनआर आणि जुना इतिहास खाली राहतो, ते चांगलं. पण बऱ्याच डेस्कवर विनंत्यांना क्रमांक असतात आणि तिकीट निघालं की ती विनंती बंद होते. बंद विनंतीवरचं उत्तर वरच्या यादीत दिसत नाही. तुमच्याकडे अशी पद्धत असेल तर नवा मेल करा आणि जुना खाली जोडा. दोन्ही पाठवू नका. दोघे जण एकाच तिकिटावर काम करायला बसतात आणि एखाद्या वेळी दोन तिकिटं निघतात.

डेस्कचं उत्तर आल्यावर ‘झालं’ म्हणून मिटवू नका. नवं ई-तिकीट उघडा. दोन्ही सेक्टरची तारीख आणि वार वाचा. नाव ओळखपत्राप्रमाणे आहे ना ते बघा. टर्मिनल बघा, कारण दिल्लीत एकाच एअरलाइनची विमानं वेगवेगळ्या टर्मिनलवरून सुटू शकतात आणि टर्मिनल 1 पासून 3 पर्यंत चालत जाता येत नाही. कंपनीचा जीएसटी क्रमांक पावतीवर आहे ना ते पाहा. पीएनआर तोच राहिला असेल किंवा नवा आला असेल, दोन्ही बरोबर आहे. मग तो पीएनआर आणि आडनाव एअरलाइनच्या साइटवर घालून बघा. फुल-सर्व्हिस एअरलाइनचं तिकीट असेल तर एक जास्तीची गोष्ट तपासा: 13 अंकी तिकीट क्रमांक नवा आला आहे का. जागा नव्या विमानात हलवली जाते पण तिकीट नव्याने काढायचं राहून जातं, असं अधूनमधून होतं. साइटवर तारीख बरोबर दिसते आणि काउंटरवर मात्र चेक-इन होत नाही. तिकीट क्रमांक जुनाच दिसला तर डेस्कला ‘तिकीट रीइश्यू झाले का?’ एवढंच विचारा, त्यांना लगेच कळतं.

क्लायंटने शुक्रवार कळवताना ‘अजून एकदा कन्फर्म करतो’ असंही म्हटलं असेल, तर मेल थोडा वेगळा लिहा. बुधवारचं जायचं तिकीट आजच हलवावं लागेल, कारण ते जवळ आलं आहे. परतीचं तिकीट एरवी गुरुवारी रात्रीपर्यंत हातात असतं. ‘येतानाचा सेक्टर उद्या दुपारी 12 वाजता मी कळवल्यावर बदलावा’ असं लिहिलं तर शुक्रवारही हलला तरी एका सेक्टरचं शुल्क वाचतं. पण तोवर जायची तारीख परतीच्या नंतरची राहते, तसं एकाच पीएनआरवर चालेल का हे आधी डेस्कला विचारा. त्यात शुक्रवार रात्रीचं भाडं तोपर्यंत वर जाण्याचा धोका आहे. तुमच्या क्लायंटच्या शब्दावर किती विसंबायचं हे तुम्हाला माहीत. माझ्यापुरतं सांगायचं तर ज्या क्लायंटने एकदा तारीख बदलली, त्याच्याकडून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा होकार आल्याशिवाय मी परतीचं तिकीट हलवत नसे.